नव्या नोकरीत नाव सांगताना: एका मिनिटाची ओळख, आणि नाव चुकलं तर ते नीट सुधारण्याची रीत

सोलापुरातल्या एखाद्या कारखान्याची हजेरी मोठ्याने वाचली तर ईरण्णा, नरसय्या, मल्लम्मा, ज्ञानेश्वर, शकील अशी नावं एकापाठोपाठ येतात. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा इथल्या घरांत बोलल्या जातात, त्यामुळे गावातल्या माणसाची जीभ या नावांना सरावलेली असते. घोळ होतो तो हजेरी रोमन अक्षरांत टाइप झाली की, किंवा ती वाचणारे साहेब बाहेरून बदलून आलेले असले की. पण नाव चुकण्याची सुरुवात बऱ्याचदा त्याच्याही आधी, आपल्याच तोंडून होते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सोयीसाठी एकच नाव धरून चालतो. समजा, नाव आहे ईरण्णा सिद्राम कोळी. गाव अक्कलकोट तालुक्यातलं, वय पंचविशीच्या आसपास, नवी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात, खातं क्वालिटी. पहिल्या दिवशी सकाळी खात्यातली माणसं तपासणीच्या टेबलाभोवती जमणार आणि कुणीतरी म्हणणार, "चला, ओळख करून द्या." हा ईरण्णा काल्पनिक आहे. तुमचं नाव वेगळं असलं तर त्याच्या जागी ते ठेवून वाचत जा.

आधी आपलं नाव ऐका

आपण आपलं नाव जन्मापासून ऐकत आलेलो असतो, त्यामुळे ते आपण भराभर आणि आधीच्या शब्दाला चिकटवून बोलतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण ज्याने ते नाव कधी ऐकलेलंच नाही, त्याला नाव कुठे सुरू झालं हेच कळत नाही.

ईरण्णाचं उदाहरण घ्या. तो म्हणाला, "मी ईरण्णा." दोन ई शेजारी आले, एकमेकांत मिसळले आणि समोरच्याला ऐकू आलं "मीरण्णा". बरं, म्हणून त्याने "माझं नाव ईरण्णा" असं म्हटलं, तर नावमधला व पुढच्या ईवर जाऊन बसतो आणि ऐकू येतं "वीरण्णा". वीरण्णा हेही खरंखुरं, आपल्याकडे चालणारं नाव असल्यामुळे ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. तो ते पाठ करून मोकळा होतो. साहेबांसाठी हिंदीत "मेरा नाम ईरण्णा" म्हटलं तर नाममधला म चिकटतो आणि पुन्हा मीरण्णा. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक नावाला हा धोका आहे. "माझं नाव अनिता" हे घाईत म्हणून बघा, बाई वनिता होतात. "माझं नाव आरती" म्हटलं की "वारती" ऐकू येतं.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही सोपे. पहिला म्हणजे नावाआधी थांबणं. "माझं नाव" म्हणा, ओठ मिटा, मग "ईरण्णा". हा थांबा बोलणाऱ्याला फार मोठा वाटतो. ऐकणाऱ्याला तो जाणवतही नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: नाव वाक्याच्या सुरुवातीलाच आणायचं. "नमस्कार." पूर्ण थांबा. "ईरण्णा कोळी. आजपासून क्वालिटीत आहे." आधी शब्दच नाही, तर चिकटणार कशाला?

आदल्या रात्री मोबाइलवर हे एकदा रेकॉर्ड करा आणि ज्याला तुमचं नाव माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवा. घरच्यांना ऐकवून उपयोग नाही, त्यांच्या कानात नाव आधीच बसलेलं असतं. मित्राच्या रूमवरचा एखादा पाहुणा, दुसऱ्या गावचा ओळखीचा माणूस चालेल. त्याला फक्त विचारा, "काय नाव ऐकलंस?" तो जे सांगेल तेच उद्या टेबलाभोवतीची माणसं ऐकणार आहेत.

नावासाठी एक खुंटी शोधा

नाव लक्षात राहायला ऐकणाऱ्याला ते कुठेतरी अडकवता आलं पाहिजे. ही खुंटी त्याच्या ओळखीची हवी, आपल्या नव्हे. "ईरण्णा म्हणजे आमच्या गावच्या देवळातला देव" हे अक्कलकोटच्या माणसाला पुरेल, लखनौच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. अण्णा हजारे मात्र देशभर माहीत आहेत. म्हणून खुंटी अशी: "अण्णा हजारेंमधला अण्णा, त्याच्या आधी ईर. ईर-अण्णा, ईरण्णा." एवढ्यात तिन्ही अडचणी सुटतात. ई दीर्घ आहे हे कळतं, ण दोनदा आहे हे कळतं आणि शेवटचा णा लांब आहे हेही कळतं.

नावाचा अर्थ, ते कुणी ठेवलं, आजोबांचं नाव काय होतं, हे भाषणात नको. कुणी विचारलं तर चहाच्या वेळी सांगा. अर्थ सांगितला की लोकांच्या लक्षात अर्थ राहतो आणि उच्चार तसाच चुकत राहतो, असं मी बरेचदा पाहिलं आहे.

खुंटी निवडताना एक पथ्य पाळा. स्वतःची चेष्टा होईल अशी खुंटी देऊ नका. "इराण देश आहे ना, तसंच जवळपास" असं ईरण्णा हसतहसत बोलून गेला, तर पुढची दोन वर्षं तो खात्यात "इराण" म्हणूनच वावरेल. आणि ते नाव त्यानेच दिलेलं असेल.

भाषण

शंभरेक शब्द पुरतात. सावकाश बोललं तरी एका मिनिटाच्या आत संपतं. त्यात नाव तीन वेळा यायला हवं: सुरुवातीला सरळ, मध्ये तोडून, शेवटी पुन्हा सरळ. बाकीच्या वाक्यांचं काम म्हणजे सहकाऱ्यांना आपल्याशी बोलायला एखादा धागा देणं. शिक्षण, टक्केवारी, "कष्टाळू आणि प्रामाणिक" हे मुलाखतीत सांगून झालेलं असतं. इथे त्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. ईरण्णाचं भाषण असं होईल:

"नमस्कार. ईरण्णा कोळी. आजपासून मी क्वालिटीत तुमच्यासोबत आहे. गाव अक्कलकोट तालुक्यातलं, सध्या जुळे सोलापूरला राहतो. याआधी चादरीच्या कारखान्यात तपासणीचं काम केलंय. टॉवेल माझ्यासाठी नवीन आहे. पाइल कमी-जास्त झालेली हाताला कशी कळते, शेड कोणत्या उजेडात बघायची, हे तुमच्याकडूनच शिकायचंय, तेव्हा विचारत राहीन. नावाचं एक सांगतो, कारण कागदावर ते वेगळंच वाचलं जातं. अण्णा हजारेंमधला अण्णा, त्याच्या आधी ईर. ईर, अण्णा. सुरुवातीला चुकेल कुणाचं, तर मी सांगेन, राग मानू नका. नुसतं ईरण्णा म्हणून हाक मारली तरी चालेल."

शेवटून दुसरं वाक्य नीट बघा. "चुकलं तर मी सांगेन" असं म्हटल्यामुळे पुढे दुरुस्ती करण्याची परवानगी ईरण्णाने सगळ्यांसमोर आधीच घेऊन ठेवली. उद्या त्याने कुणाला टोकलं तर ते अचानक आलेलं वाटणार नाही. "चुकलं तरी चालेल" असं मात्र कधीही म्हणू नका. सौजन्य म्हणून आपण ते बोलून जातो आणि लोक ते शब्दशः घेतात. मग दुसऱ्या आठवड्यात तक्रार करायला तोंड उरत नाही.

शेवटच्या वाक्यालाही काम आहे. आपल्याकडे ऑफिसात आडनावाने हाक मारायची, "कोळीसाहेब" म्हणायची पद्धत आहे, आणि कारखान्यात अण्णा, मामा, भाऊ, अक्का ही नाती सर्रास चालतात. नाव तोंडात बसत नसेल तर माणसं सोपी वाट धरतात आणि "ओ अण्णा" म्हणू लागतात. यात अनादर काहीच नाही, उलट मानच आहे. पण खात्यात आधीच एखादे वयाने मोठे अण्णा असतील, तर हाक एकाला आणि वळून बघणार दुसरेच. कशी हाक मारायची हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की हा प्रश्न निघतच नाही. आडनावाने हाक मारलेली चालणार असेल तर तसं सांगा, तेही उत्तम.

साहेब हिंदीभाषक असतील तर भाषण दोनदा करू नका. मराठीत बोलून झाल्यावर त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणा: "सर, ईरण्णा. अण्णा हजारे वाला अण्णा, उसके पहले ईर." नाव वाक्याच्या तोंडाशी ठेवायचं, हे इथेही विसरू नका.

कागदावरचं नाव त्याच दिवशी बघा

नाव चुकण्याचा खरा कारखाना म्हणजे रोमन स्पेलिंग. Iranna असं लिहिलं की वाचणाऱ्याला आधी देश दिसतो. Koli वाचून ळ की ल हे ओळखायला काही मार्गच नाही, कारण रोमन लिपीत ळ-ल, ण-न, ठ-थ, ड-द या प्रत्येक जोडीला एकच स्पेलिंग मिळतं. पुढे गंमत अशी होते की आस्थापना विभागातला कारकून हेच रोमन नाव बघून ओळखपत्रासाठी मराठीत टाइप करतो, आणि कार्डावर छापून येतं "इरान्ना कोली". एकदा का ते लॅमिनेट होऊन गळ्यात पडलं, की रोज शंभर माणसं ते वाचतात आणि पाठ करतात. तुमच्या एका मिनिटाच्या भाषणाचा त्यापुढे टिकाव लागत नाही.

म्हणून कागद भरायला बसाल तेव्हाच आपलं नाव देवनागरीत सुवाच्य अक्षरात लिहून एक चिठ्ठी त्यांच्या हातात द्या आणि नम्रपणे म्हणा, "मराठीत टाइप करताना असं घ्याल का? ण जोडाक्षर आहे आणि कोळीचा ळ." रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या अनेक कळफलकांवर मोठं N दाबलं की ण आणि मोठं L दाबलं की ळ येतो; टाइप करणाऱ्याला माहीत नसेल तर हेही सांगा. कार्ड छपाईला जाण्याआधी पडद्यावर एकदा दाखवायला सांगा. याला कुणी नाही म्हणत नाही.

उच्चार सुधारावा म्हणून रोमन स्पेलिंग मात्र बदलू नका. Eeranna लिहिलं तर लोक बरोबर वाचतील, हे खरं. पण आधार, पॅन, बँक खातं आणि पीएफचा यूएएन या ठिकाणी जे स्पेलिंग आहे तेच कंपनीच्या नोंदीत हवं, नाहीतर पीएफ काढताना किंवा खातं जोडताना नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. मोकळीक आहे ती दाखवायच्या नावापुरती. व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, ईमेलखालच्या सहीत "ईरण्णा कोळी" असं देवनागरीत ठेवा. साहेबांना देवनागरी वाचता येते, मग ते हिंदीभाषक असले तरी काय बिघडलं?

नावाचा क्रमही तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच फॉर्मांत आडनाव आधी असतं: कोळी ईरण्णा सिद्राम. ज्याला ही पद्धत माहीत नाही तो पहिला शब्द हेच नाव समजतो आणि शेवटचा शब्द आडनाव. मग मेल येतो "डिअर कोली" किंवा "मिस्टर सिद्राम" म्हणून. हा उच्चाराचा प्रश्नच नाही, तेव्हा त्याला उच्चाराची दुरुस्ती लावू नका. उत्तराच्या मेलखाली नाव आणि आडनाव एवढंच लिहून सही करत राहा. त्याने भागलं नाही, तर एकदा सरळ सांगा.

काय सुधारायचं, काय सोडून द्यायचं

सगळ्या चुका एका पंक्तीत बसवल्या तर माणूस चिडका ठरतो. चूक ऐकली की आधी मनात एवढं बघा: समोरच्याला तो आवाज काढता येतो, पण लक्ष नाही, की त्याच्या भाषेत तो आवाजच नाही?

ळ हा त्याचा चांगला नमुना. मराठी, कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, गुजराती, ओडिया या भाषांत ळ आहे. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत नाही. तेव्हा उत्तरेकडचे साहेब "कोली" म्हणाले तर ते निष्काळजीपणाने म्हणत नाहीत. त्यांच्या कानाला ळ आणि ल यांतला फरकच नीट ऐकू येत नाही. त्यांना तीनदा टोकून काही साधणार नाही, फक्त अवघडलेपण येईल. त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगा: ट म्हणताना जिभेचं टोक जसं वर टाळूला वळतं तसं वळवा आणि तिथून ल म्हणा. जमलं तर ठीक, नाहीतर कोली हा त्यांच्या तोंडचा कोळी आहे असं समजून पुढे चला. तेच "कोली" एखादा मराठी सहकारी रोमन यादी वाचून म्हणाला, तर त्याला बिनदिक्कत सांगा. त्याला ळ येतो, त्याने फक्त यादीवर विश्वास ठेवला.

ईरण्णामधल्या ण्णचं गणित वेगळं आहे. हिंदी बोलणाऱ्याला गणेशमधला ण येतो, पण ण्ण त्याच्या सवयीचा नाही, म्हणून तो "ईरन्ना" म्हणेल. अण्णा हजारेंनाही तो अन्नाच म्हणतो. हे चालवून घ्या. मात्र "इराना" चालवून घेऊ नका, कारण तिथे जोडाक्षर गेलं, पहिला ई ऱ्हस्व झाला आणि मधला र लांबला. नावाचा सांगाडाच मोडला. माझं मत विचाराल तर नावाचे तुकडे किती, लांब स्वर कोणते आणि जोर कुठे, एवढं जमलं की नाव बरोबर म्हटलं असं धरावं. व्यंजनाचा बारकावा हा ज्याच्या त्याच्या बोलण्याच्या ढंगाचा भाग आहे.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पहिली चूक झाली की त्याच क्षणी, दोन शब्दांत. शेजारचा सहकारी म्हणाला, "इराना, तो रोल इकडे घे." ईरण्णा म्हणेल, "ईरण्णा. हो, आणतो." नाव म्हणताना आवाज शेवटी खाली उतरू द्या. वर चढला तर तो प्रश्न वाटतो, ताठरला तर भांडण. आणि नाव म्हणून झाल्यावर थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. हात रोलकडे गेला पाहिजे. आपण थांबलो तर समोरच्याला माफी मागावी लागते आणि तिथेच अवघडायला होतं. कामाचं वाक्य लगेच जोडल्यामुळे त्याला काही बोलावंच लागत नाही. "सॉरी, पण माझं नाव..." अशी सुरुवात मुळीच नको. चूक त्यांची झाली आहे आणि ती इतकी लहान आहे की माफी कुणीच मागायची गरज नाही.

दुसरी रीत म्हणजे न टोकता बरोबर नाव त्यांच्या कानावर घालत राहणं. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांनी उघड दुरुस्ती आणि बोलण्यात गुंफलेली दुरुस्ती असे दोन प्रकार वेगळे मांडले होते. गुंफलेल्या दुरुस्तीत बोलणं कुठेच थांबत नाही. एक जण बरोबर शब्द वापरतो आणि दुसरा तो उचलतो. पण स्वतःच्या नावाची इथे एक अडचण आहे: आपण आपलं नाव स्वतः कधी घेतच नाही. त्यामुळे जागा मुद्दाम शोधाव्या लागतात. खात्यातला फोन उचलताना "हॅलो" ऐवजी "क्वालिटी. ईरण्णा." असं म्हणा. एखादी गोष्ट सांगताना दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं सांगा: "तेव्हा डिस्पॅचवाले मला म्हणाले, ईरण्णा, हा लॉट थांबव." सुपरवायझर ऐकत असतील तर हे नाव त्यांच्या कानावर पडतं, आणि कुणी कुणाला काही सुधारलेलं नसतं. वरिष्ठांच्या बाबतीत आधी हीच वाट धरावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीही "इराना"च चाललं असेल तर त्या माणसाला एकटं गाठून बोला. जागा महत्त्वाची: चहाच्या टपरीवर, पार्किंगमध्ये, शिफ्ट सुटताना. टेबलावर चार जणांत नको. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाशी बोलताना वाक्य असं ठेवा: "साहेब, एक लहानशी गोष्ट सांगू का? माझं नाव ईरण्णा आहे. अण्णा हजारेंमधला अण्णा. कार्डावर वाचून इराना वाटतं, होतं तसं." शेवटच्या तुकड्यात चुकीचं खापर कार्डावर फुटलं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बरोबरीच्या माणसाशी एवढी प्रस्तावना नको. सोलापुरी ढंगात "ईरण्णा म्हण की बे" एवढं पुरतं. उलट तिथे "एक विनंती होती" असं म्हणालात तर तो घाबरेल.

एक प्रसंग वेगळा हाताळावा लागतो. बाहेरचा बायर आला आहे आणि साहेबांनी त्याच्यासमोर ओळख करून दिली, "धिस इज इराना." इथे साहेबांना टोकायचं नाही. बायरकडे वळून, हात पुढे करत म्हणा, "नमस्कार. ईरण्णा कोळी, क्वालिटी." बायरला बरोबर नाव मिळालं, साहेबांच्या कानावरही पडलं आणि त्यांचा मान राहिला. बायर गेल्यावर त्याच विषयावर पुन्हा बोलायची गरज नाही.

आणखी एक मदत कामाला येते. खात्यात पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी एक जण नाव अगदी नीट म्हणतो. सोलापुरात तो बहुधा कानडी किंवा तेलुगू घरातला असतो. त्याच्याशी मोकळं बोला: "माझ्या मागे कुणी इराना म्हटलं तर तू सांगत जा." दुसऱ्याचं नाव तिसऱ्याने सुधारलं की त्यात कुणाचाच अहंकार आड येत नाही. त्याच वेळी त्याचंही नाव आपण नीट म्हणतोय का हे विचारून घ्या. नरसय्यामधला य जोडाक्षर आहे आणि मराठी तोंडात त्याचं सहज "नरसया" होतं.

चेष्टा वेगळी

"काय बे इराण, तेल काय भाव?" हा चुकलेला उच्चार नाही, ही चेष्टा आहे, आणि इथे उच्चार समजावून सांगत बसलात तर चेष्टेला आणखी रंग चढतो. पहिल्यांदा हसू नका, रागावूही नका. "ईरण्णा. बोल, काय काम?" एवढंच म्हणा. उत्तर बेचव असलं की खेळ लवकर संपतो. आपण एकदा त्यावर हसलो की मात्र तो रोजचा होतो. नावाआडून भाषेवर, जातीवर किंवा धर्मावर टोमणे सुरू झाले तर ते स्वतःच्या पातळीवर मिटवत बसू नका. कोण, कधी, कुणासमोर काय बोललं ते लिहून ठेवा आणि खात्याच्या प्रमुखांकडे किंवा आस्थापना विभागाकडे लेखी द्या.

दोन-तीन महिने निघून गेले असतील तर

बऱ्याच जणांना हे सगळं सुचतं तेव्हा खातं त्यांना चुकीच्या नावाने सरावलेलं असतं. मग वाटतं, आता काय सांगायचं, लोक म्हणतील इतके दिवस का बोलला नाही. एरवीच्या दिवशी एकदम सांगितलं तर खरंच विचित्र वाटतं. म्हणून निमित्ताची वाट बघा: शिफ्ट बदलली, नवा ग्रुप बनला, नवीन माणूस रुजू झाला, ओळखपत्र बदलून आलं. नव्या माणसाला ओळख सांगताना सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगा: "ईरण्णा. हे सगळे मला इराना म्हणतात, मीही इतके दिवस बोललो नाही. आता तुझ्यापासून बरोबर सुरू करू." आधी आपण गप्प होतो हे स्वतःच कबूल केल्यामुळे दुसऱ्यांना ओशाळं व्हावं लागत नाही. त्यानंतरचा आठवडाभर प्रत्येक "इराना"वर न चुकता, न चिडता "ईरण्णा" म्हणत राहा. एकदा सुधारलं आणि चारदा सोडून दिलं तर लोकांना वाटतं, तो त्या दिवशीपुरताच विषय होता. जुनी सवय मोडताना अडखळणारेही दिसतील: "इरा... ईरण्णा." तिथे तुम्ही काहीच बोलायचं नाही, ते स्वतःलाच सुधारत आहेत. फक्त हाकेला ओ द्या.